फोटोतलं ऊन कोणत्या महिन्याचं?

आमचं नवं घर बाणेरला, बाराव्या मजल्यावर. बाल्कनी पाच फूट खोल आणि अकरा फूट लांब. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी पाऊण वाजायला आला असताना, मी हॉलमध्ये उभं राहून तिचा फोटो काढला आणि साताऱ्याला मावशींना पाठवला. मावशी म्हणजे माझ्या नवऱ्याची मावशी. अनेक वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, आता गच्ची सांभाळतात. नवरा मेकॅनिकल इंजिनियर. त्याची यादी आधीच तयार होती: मोगरा, अडेनियम, ग्रिलला लटकवायला पेटुनिया, कढीपत्ता, तुळस. "भरपूर ऊन आणि भरपूर वारा, यात काय जगेल ते सांग," एवढाच प्रश्न त्याने विचारला होता. उत्तरादाखल मावशींचा फोन आला. तो स्पीकरवर टाकला आणि मी ऐकत बसले.

मावशी : फोटो छान आहे. पण भरपूर ऊन आहे हे कुणी सांगितलं तुला?

भाचा : मावशी, फोटोत दिसतंय की. ऊन पार हॉलमध्ये आलंय, सोफ्याच्या पायापर्यंत.

मावशी : म्हणूनच शंका आली. ग्रिलची सावली बघ. सरळ दाराकडे पडलीये, ना डावीकडे, ना उजवीकडे. भर दुपारी सावली सरळ घरात येते म्हणजे बाल्कनीचं तोंड दक्षिणेला. आणि ग्रिल साडेतीन फुटांची असेल तर सावली तीन फुटांना थोडी कमी दिसतेय. म्हणजे सूर्य माथ्यावर नाही, आकाशात अर्ध्याच्या जरा वर आहे.

भाचा : पन्नास अंश. मी आत्ता काढलं.

मावशी : बरोबर. काल तिळगूळ खाल्लास ना? सूर्य उत्तरेकडे सरकायला लागला म्हणून आनंद करतो आपण. तुझ्या बाल्कनीच्या दृष्टीने मात्र तो रोज थोडा थोडा बाहेर चाललाय.

भाचा : म्हणजे उन्हाळ्यात ऊन कमी?

मावशी : कमी नाही. नाहीच. तुझ्या डोक्यावर वरच्या मजल्याच्या बाल्कनीचा स्लॅब आहे, नऊ फुटांवर. सूर्य जितका वर चढेल तितका तो स्लॅब ऊन अडवणार. आज ऊन ग्रिलपासून साडेसात फूट आत येतंय, म्हणजे बाल्कनी ओलांडून हॉलमध्ये अडीच फूट. मार्चच्या एकवीस तारखेला ते तीन फुटांवर येईल. एप्रिलच्या मध्याला दीड फूटसुद्धा नाही. पुढचं तू सांग, तुमच्या पुण्यात शून्य सावली दिवस कधी असतो?

भाचा : मे महिन्याच्या १३ तारखेच्या आसपास. ऑफिसच्या गच्चीवर आम्ही बाटली उभी करून बघितली होती.

मावशी : त्या दिवशी दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. तिथून जुलैच्या शेवटी तो पुन्हा डोक्यावर येईपर्यंत दुपारचा सूर्य तुझ्या उत्तरेला असतो. म्हणजे इमारतीच्या पाठीमागे. ज्या मे महिन्याची तुला भीती वाटतेय, त्या मे महिन्यात तुझ्या बाल्कनीत उन्हाचा कवडसा येणार नाही.

(इथे मी दोघांना थांबवून विचारलं की उजवीकडची बाजू उघडी आहे, तिथून संध्याकाळचं ऊन येईल ना? मावशी म्हणाल्या, उन्हाळ्यात सूर्य पश्चिमेच्याही उत्तरेला मावळतो, म्हणजे तोही इमारतीच्या मागेच. शिवाय तिकडे शेजारचा टॉवर आहे. थंडीत मात्र तो दक्षिणेकडे झुकून मावळतो, तेव्हा टॉवर सोडेल तेवढं ऊन मिळेल.)

भाचा : मग हे चांगलंच झालं. ऊन नाही म्हणजे झाडं होरपळणार नाहीत.

मावशी : होरपळणार नाहीत, पण फुलणारही नाहीत. ऊन नाही म्हणजे अंधार आहे असं नाही, मेमध्ये उघड्या आकाशाचा लख्ख उजेड असतो, पानांची झाडं त्यात मजेत राहतात. पण मोगरा? मोगरा कधी फुलतो?

भाचा : मार्च ते जून. लग्नसराईत.

मावशी : आणि तेव्हाच तुझ्याकडे ऊन नाही. थंडीत तो झोपलेला असतो तेव्हा मात्र तू त्याला सहा तास उन्हात बसवणार. झाडाचं वर्ष आणि बाल्कनीचं वर्ष जुळत नाही. मोगरा मरणार नाही, हे लक्षात घे. हिरवागार राहील, लांब लांब फांद्या काढेल, आणि तू माळ्याला विचारत बसशील की खत कोणतं घालू.

भाचा : अडेनियम? तो तर वाळवंटातला. त्याला वाऱ्याचं काय?

मावशी : वाऱ्याचं काही नाही, जाड बुंधा, आखूड फांद्या. पण तो थंडीत पानं टाकून झोपतो. तू त्याला ऊन देणार थंडीत. जागा होईल तेव्हा ऊन गेलेलं. मग जून उजाडला की उजव्या बाजूने झड येणार आणि कुंडी ओली राहणार. ऊन नाही, मुळं ओली, हवा गार. त्याचा तो जाड बुंधा खालून मऊ पडतो. बोटाने दाबून बघायचा, बटाटा सडल्यासारखा लागला की संपलं.

भाचा : तू सगळ्यालाच नाही म्हणतेस. हे बघ मावशी, नर्सरीत रोप शंभर-दीडशेला मिळतं. पाच आणायची, दोन मेली तर मेली. जी जगतील ती आपली. मला हीच पद्धत योग्य वाटते.

मावशी : ती पद्धत तेव्हा चालते जेव्हा मेलेलं झाड का मेलं हे तुला कळतं. तुझ्या बाल्कनीत एक झाड आधीच अर्धमेलं आहे. उजव्या कोपऱ्यातला एरिका पाम. तो का वाळतोय, सांग.

भाचा : पाणी कमी पडतं. मी ड्रिप बसवणारच आहे.

मावशी : फोटो मोठा करून बघ. पाणी कमी पडलं असतं तर सगळं झाड मान टाकून उभं राहिलं असतं आणि खालची पानं आधी पिवळी पडली असती. तुमच्याकडे टँकरचं पाणी येतं का? त्यातल्या क्षारांनी टोकं जळतात, पण मग चारही बाजूंनी जळतात आणि मातीवर पांढरा थर दिसतो. इथे माती स्वच्छ आहे. उन्हाने भाजलं असतं तर पानाच्या मध्ये फिकट, पांढुरके डाग पडले असते. या पामची पानं फक्त उजव्या बाजूची तपकिरी झालीत, कडेकडेने. काही पानं उभी फाटलीत. डावी बाजू हिरवी आहे.

भाचा : म्हणजे वारा.

मावशी : आणि झाड झुकलंय कुठे? उजेडासाठी झुकलं असतं तर बाहेर, ग्रिलकडे झुकलं असतं. ते डावीकडे झुकलंय. तुझ्याकडे वारा उजवीकडून, दोन टॉवरच्या मधल्या फटीतून येतो. पावसाळ्यात तोच येईल, पश्चिमेचा, आत्ताच्या कितीतरी जास्त. आत्ता जानेवारीत हवा शांत असते, तरी चिक खालून दोरीने बांधलीये तुम्ही आणि टॉवेलला चार चिमटे आहेत. हेही फोटोतच दिसतंय.

भाचा : तू फोटोतल्या टॉवेलचे चिमटे मोजलेस?

मावशी : झाडं निवडायची तर तेच बघायचं असतं. आणखी एक गोष्ट. डाव्या बाजूला, भिंतीजवळ, कचरा साठलाय. सुकी पानं, धागे, एक वेफरचं पाकीट.

(ते पाकीट मला आजवर दिसलं नव्हतं.)

मावशी : वारा जिथे मंदावतो तिथे तो हातातलं टाकतो. तो कोपरा तुझ्या बाल्कनीतला सगळ्यात शांत कोपरा आहे. पामला तिथे ने. फाटलेली पानं आता शिवली जाणार नाहीत, पण नवी येतील ती धड येतील.

भाचा : हे मला पटलं. पण मावशी, वाऱ्यावर उपाय आहे. उजवी बाजू मी ॲक्रिलिकच्या शीटने बंद करतो. प्रश्नच मिटला. जागा झाडासारखी करायची, झाड जागेसारखं कशाला शोधायचं?

मावशी : शीट लावलीस तर वारा थांबणार नाही, वरून उडी मारेल आणि आत गिरकी घेईल. शीटच्या मागे भोवरा होतो, तिथल्या कुंड्या जास्त हलतात. जाळी लाव. निम्मा वारा अडवणारी आणि निम्मा सोडणारी. वारा गाळला जातो, त्याचा जोर जातो, भोवरा होत नाही. नर्सरीत ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट मिळते ती चालेल. फक्त उजव्या बाजूला, समोर नको. समोर लावलीस तर थंडीतलं ऊनही अर्धं गेलं.

भाचा : जाळी मग शिडासारखी फुगेल. फुटाफुटावर केबल टायने बांधावी लागेल, नाहीतर पहिल्या वळवाच्या वादळात सोसायटीच्या पार्किंगमध्ये.

मावशी : हे तुझं काम. तेवढ्यासाठीच इंजिनियर भाचा असावा.

भाचा : आणि वाऱ्याचं गणित लक्षात आहे ना? वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणून मी म्हणतो, नुसत्या वारा सोसणाऱ्या झाडांवर भिस्त ठेवून चालणार नाही.

मावशी : तसं मी म्हणतच नाही. पण वारा झाडाला दोन प्रकारे मारतो, आणि तुझ्या गणितात त्यातला एकच प्रकार आलाय. ढकलणं हा एक. दुसरा असा की पानाभोवती ओलसर हवेचा पातळ थर असतो, वारा तो सतत उडवून नेतो. पान जास्त पाणी सोडतं. मुळांना तेवढं पुरवता येत नाही. मग पान आपली छिद्रं मिटून घेतं. छिद्रं मिटली की अन्नही बनत नाही. झाड मरत नाही, नुसतं थांबतं. वाऱ्यातलं झाड महिनोन्‌महिने तेवढंच दिसतं ते यामुळे.

भाचा : म्हणजे पान बघून कळायला हवं.

मावशी : कळतंच. मोठं, पातळ, रुंद पान घेऊ नकोस. केळ, कर्दळ, पीस लिली, अळू, सगळं बाद. फर्नही. लहान, जाड, चकचकीत किंवा केसाळ पान घे. ओव्याचं पान हातात धर, जाड आणि लवदार आहे, त्याला वाऱ्याचं काही वाटत नाही. कुंतीचं पान बघ, बोटाच्या पेराएवढं, मेणचट. बोगनवेलीचं मध्यम, पण फांदी लवचीक. आणि हलवलं गेलेलं झाड स्वतःही बदलतं. रोज वारा खाणारं रोप बुटकं राहतं, खोड जाड करतं. म्हणून नर्सरीच्या आडोशातलं उंच, सडपातळ, देखणं रोप आणू नकोस. बाहेर उघड्यावर ठेवलेल्यांतलं ठेंगणं आण, भले पानं कमी असोत.

भाचा : बोगनवेल तरी उन्हाशिवाय फुलेल का?

मावशी : तिचं वर्ष तुझ्या बाल्कनीशी जुळतं, हीच तर गंमत. पावसाळ्यात ती पानं काढते, ऊन नसलं तरी तिला तेव्हा पानंच काढायची असतात. पाऊस संपला, माती कोरडी पडू लागली की फुलावर येते. बरोबर त्याच वेळी, सप्टेंबरच्या अखेरीला, तुझ्या बाल्कनीत ऊन परत तीन फूट आत आलेलं असतं आणि पुढे वाढतच जातं. नोव्हेंबर ते मार्च भरून फुलेल. उघड्या गच्चीवरच्या बोगनवेली मेपर्यंत फुलतात, तुझी एप्रिलमध्ये थांबेल. तेवढं सोड.

भाचा : तिला उजव्या कोपऱ्यात, जाळीच्या आत ठेवली तर?

मावशी : अगदी. जाळीने गाळलेला वारा ती आणखी गाळेल. तिच्या शेजारी कुंती. तिच्या मागे बाकीच्यांना जागा. पण बोगनवेलीची कागदी फुलं वाऱ्याने खालच्या मजल्यावर जातात, त्यांच्याशी आधी बोलून ठेव.

भाचा : आणि पेटुनिया ग्रिलला बाहेरून लटकवायची. हे तर थंडीतलं झाड आहे, जुळतं की तुझ्या हिशेबाने.

मावशी : झाड जुळतं. शेवंती, झेंडू, पेटुनिया, डायंथस, ही सगळी तुझ्याकडे ऑक्टोबर ते फेब्रुवारी अशी फुलतील की गच्चीवाले बघत राहतील. पण बाहेरून लटकवायची नाही. ग्रिलच्या आत.

भाचा : बाराव्या मजल्यावरून कुंडी पडली तर खाली काय होईल ते मला माहीत आहे. यावर वाद नाही. आत.

मावशी : वाद नाही हे पहिल्यांदाच झालं.

(खरं तर मला वाटतं, या एका मुद्द्यावर दोघांनी आणखी थोडं बोलायला हवं होतं. आमच्या समोरच्या टॉवरमध्ये दहा-बारा बाल्कन्यांना बाहेरून कुंड्या टांगलेल्या दिसतात, हुकांवर, तारेने बांधलेल्या.)

भाचा : कुंड्या हलक्या घेणार होतो, फायबरच्या, त्यात कोकोपीट. म्हणजे हलवायला सोप्या.

मावशी : आणि वाऱ्याला ढकलायलाही. कोपऱ्यातल्या दोन कुंड्या मातीच्याच घे, चौदा इंची, आणि त्यात कोकोपीट थोडं, माती जास्त. तिसरा हिस्सा शेणखत. बारा इंची कुंडी ओल्या मातीने भरली तरी वीस किलोच्या आसपास जाते, चौदा इंची त्याहून बरीच जास्त. ती जागची हलत नाही. शिवाय झाडाची उंची मर्यादेत ठेव. माझा हिशेब असा की मातीच्या वरचं झाड कुंडीच्या उंचीच्या दुपटीहून जास्त वाढू द्यायचं नाही. वाढलं की छाटायचं.

भाचा : मातीची कुंडी बाजूंनी पाणी सोडते. वाऱ्यात तर अजून.

मावशी : सोडते. एप्रिलमध्ये रोज पाणी लागेल. पण जुलैमध्ये तोच गुण कामाला येतो. तुझी बाल्कनी एप्रिलमध्ये कोरडी भट्टी आणि जुलैमध्ये झड खाणारी ओलसर जागा, दोन्ही आहे. झाडाने दोन्ही सोसायला हवं. ड्रिप लावशील तर टायमर पावसाळ्यात बंद कर. कुंड्या विटांवर ठेव, खालून पाणी जाऊ दे. सगळ्यात जास्त झाडं उन्हाळ्यात पाण्यावाचून मरतात असं लोकांना वाटतं. बाल्कनीतली पुष्कळ झाडं जुलैमध्ये सडतात आणि ऑगस्टमध्ये लक्षात येतं.

भाचा : तुळस?

मावशी : तुळस बाहेरच्या कडेला, ग्रिलला लागून. मार्चपर्यंत छान. मे-जूनमध्ये उजेडाच्या दिशेने लांबुडकी होईल. मंजिऱ्या आणि शेंडे खुडत राहा. कढीपत्ता जगेल, पण तोही उन्हाळ्यात वाढणारा, त्यामुळे तुझ्याकडे हळू वाढेल. फोडणीपुरता मिळेल. लोकांना वाटायला पुरणार नाही.

भाचा : आता मोगऱ्याकडे परत येतो. तू म्हणालीस मे ते जुलै सूर्य उत्तरेला असतो. आमची ड्राय बाल्कनी उत्तरेला आहे.

मावशी : हं.

भाचा : म्हणजे बरोबर मोगऱ्याच्या दिवसांत तिथे ऊन येणार. सकाळी उत्तर-पूर्वेकडून तिरकं, संध्याकाळी उत्तर-पश्चिमेकडून. मोगरा चाकांच्या ट्रॉलीवर ठेवायचा. एप्रिलमध्ये ढकलत घरातून पलीकडे, ऑक्टोबरला परत. जागा बदलता येते म्हणालो होतो ना मी?

मावशी : ड्राय बाल्कनीच्या बाजूच्या भिंती किती लांब आहेत? तिरक्या उन्हाला त्या अडवतात.

भाचा : एका बाजूला भिंत, एका बाजूला जाळी. पूर्व मोकळी आहे.

मावशी : मग सकाळचं ऊन मिळेल, आठ-साडेआठपर्यंत बऱ्यापैकी, नंतर सूर्य चढला की स्लॅब मध्ये येईल. दोन-अडीच तास. मोगऱ्याला पाच-सहा हवेत. फुलेल, पण गजऱ्यापुरता नाही, वाटीभर. आणि जूनमध्ये ढग आले की संपलं.

भाचा : वाटीभर चालेल.

मावशी : मार्चमध्ये तो निम्मा छाटायचा, पानं खुडायची आणि मग हलवायचा. फुलं नव्या फुटीवर येतात. न छाटता हलवलास तर वाटीही नाही. पण खरं सांगू का, दोन-अडीच तासांच्या उन्हासाठी कुंडी घरभर फिरवायची हे मला पटत नाही. त्याच जागी एक कुंती ठेव, सुगंध तीही देते, आणि कमी उजेडात मोगऱ्यापेक्षा बरी फुलते.

भाचा : कुंतीचा गजरा होत नाही, मावशी.

मावशी : नाही होत. तिची फुलं लगेच गळतात.

(दोघंही गप्प झाले. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन आहे, त्याच्या शेजारी ट्रॉली बसते की नाही हे दोघांपैकी कुणीच विचारलं नव्हतं. मी जाऊन टेपने मोजलं. दीड फूट जागा निघाली.)

भाचा : बसते! दीड फुटात चौदा इंची कुंडी बसते.

मावशी : बारा इंचीच घे, मोगऱ्याला पुरते आणि ढकलायला तुलाच लागणार आहे. आज मात्र मोगरा आणू नकोस. आज एकच बोगनवेल आण, ठेंगणी, आणि सुतळीचा गुंडा. सुतळीचे हातभर तुकडे उजव्या कोपऱ्यात तीन ठिकाणी बांध, एक जमिनीजवळ, एक ग्रिलच्या उंचीला, एक वर चिकेच्या दांड्याला, आणि तसेच डाव्या कोपऱ्यातही. संध्याकाळी पाच वाजता बघ कुठला तुकडा आडवा होतो. एप्रिलमध्ये पुन्हा बघ. जाळी किती उंच लावायची ते त्यावर ठरव.

भाचा : आणि फोटो?

मावशी : फोटो ती काढेल. एकवीस मार्चला, दुपारी साडेबाराच्या सुमाराला, याच जागेवरून. ऊन तीन फुटांवर नसेल तर मला फोन कर, स्लॅबची उंची तू चुकीची सांगितली असशील.

भाचा : मी सांगितलीच नव्हती. तूच नऊ फूट धरलीस.

मावशी : मग मोज आणि कळव.